चारचा उंचवटा

सातिवलीच्या त्या कारखान्यात दुपारी दोन ते चार वेळ पुढे सरकत नाही, असं माझं जुनं मत आहे. खाली मशीनमधून डब्यांची झाकणं एका लयीत पडत असतात. वर पार्टिशन घातलेल्या ऑफिसात पंखा फिरत असतो, आणि गरम प्लास्टिकच्या वासात सोनचाफ्याचा वास मिसळलेला असायचा. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, वसई स्टेशनजवळ माझं छोटं ऑफिस आहे आणि या कारखान्याची जीएसटीची विवरणपत्रं आम्हीच भरतो. त्यामुळे महिन्यातून एखादी दुपार तिथे जाते. तिथे गेलं की मला झोप येते, आणि झोप आली की माझी चिडचिड होते.

चाफा आणायच्या तिथल्या कॅशियर. त्या वसईजवळच्या पापडी गावच्या. घराच्या मागे वाडी, वाडीत चाफ्याची झाडं. रोज सकाळी पदराच्या टोकात बांधून चार-पाच फुलं आणायच्या आणि मालकांच्या टेबलावरच्या काचेच्या ग्लासात पाणी घालून ठेवायच्या. कारखाना सुरू झाला तेव्हापासून त्या तिथे होत्या. कामगार त्यांना बाई म्हणायचे, मी मावशी म्हणायची, आणि त्या मला मॅडम म्हणायच्या, जरी मी त्यांच्या मुलीच्या वयाची असले तरी. गळ्यात बारीक क्रूस, कानाला चष्म्याची दोरी, आणि टेबलाच्या खणात आल्याच्या वड्यांची डबी. मला पेंग आली की न बोलता डबी पुढे सरकवायच्या.

मालक दुपारी नसायचे. साडेबाराला गाडी काढून घरी जायचे, जेवायचे आणि झोपायचे. ती झोप साधीसुधी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलंय, असं ते म्हणायचे. डॉक्टरांनी कधी सांगितलं, कशासाठी सांगितलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. चारनंतर ताजेतवाने होऊन परत यायचे आणि सगळ्यांवर ओरडायचे. माणूस वाईट नव्हता. झोप नीट झालेला माणूस जसा उत्साहाने ओरडतो, तसं ते ओरडणं होतं.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचा मला फोन आला. मुलगा व्यवस्थापन शिकून आलेला, नुकताच धंद्यात बसायला लागलेला. म्हणाला, "मॅडम, एकदा येऊन जा. फोनवर नको." गेले, तर त्याने दार लावून घेतलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर नऊ खांब होते. वाहतूक खर्चाच्या खात्याचा वर्षभराचा उतारा त्याने काढला होता आणि प्रत्येक रकमेचा फक्त पहिला आकडा मोजला होता. बाराशे पन्नासचा एक, चार हजार आठशेचा चार, असं. चारचा खांब सगळ्यांच्या वर गेला होता.

"पाच हजारांपर्यंतचं व्हाउचर बाई स्वतःच्या सहीने देऊ शकतात," तो म्हणाला. "त्याहून जास्त असेल तर पप्पांची सही लागते. आणि बघा, सगळा ढीग पाचच्या आत. एवढे चार नैसर्गिकरीत्या येऊच शकत नाहीत. या रकमा बसून बनवल्यात."

मालक कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. समोरच्या ग्लासातल्या फुलांकडे बघत होते.

"तुम्ही हे लेखी द्या," मुलगा म्हणाला. "मार्चअखेर त्यांना घरी पाठवू. पोलीस वगैरे नको, पण ग्रॅच्युइटी मी देणार नाही."

मला त्याचा राग आला. पण खोटं कशाला बोलू, रागाखाली भीतीही होती. कारण त्याने लावलेली चाचणी मी स्वतः वापरते, आणि ती पोरखेळ नाही.

ही चाचणी मला पहिल्यांदा कळली तेव्हा कित्येक दिवस मी गुंगीत होते. आपल्याला वाटतं, रकमांच्या सुरुवातीला एकपासून नऊपर्यंतचे आकडे सारखेच येत असतील. तसं नसतं. खऱ्याखुऱ्या धंद्याच्या रकमा घ्या, शेकड्यांपासून हजारो-लाखांपर्यंत पसरलेल्या, आणि पहिला आकडा मोजा. शंभरातल्या तीसेक रकमा एकने सुरू होतात. दोनने सतरा-अठरा. मग कमी कमी होत नऊने सुरू होणाऱ्या पाचसुद्धा भरत नाहीत. चारला दहाच्या थोडं आत. कारण तसं सोपं आहे. हजाराचे दोन हजार व्हायला रक्कम दुप्पट व्हावी लागते, तोवर ती एकच्या घरात राहते. नऊ हजारांचे दहा हजार व्हायला मात्र नववा हिस्साच वाढला तरी पुरतं, आणि ती लगेच पुन्हा एकच्या घरी परत. म्हणून रकमा एकपाशी रेंगाळतात आणि नऊजवळून भरभर निघून जातात.

मनाने रचलेल्या रकमांना हे रेंगाळणं जमत नाही. माणूस आकडे सगळीकडे सारखे पेरतो, किंवा एखाद्या मर्यादेच्या जरा खाली दबा धरून बसतो. आणि रकमा सरसकट पाचशे-हजारांच्या पटीत बसवल्या असतील, तर एक आणि पाच फुगतात. ही चाचणी कळल्यापासून मला डोळे मिटले की तो उतार दिसतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू उतरत जाते तसा, डावीकडून उजवीकडे, सावकाश. मी त्या उतारावर मनाने पुष्कळ वेळा बसले आहे.

मी मुलाला एवढंच म्हटलं, "उतारा मला द्या. मी माझ्या पद्धतीने करते. लेखी काय द्यायचं ते मग बघू."

दुसऱ्या दिवशी तिथेच, मावशींच्या समोरच्या टेबलावर बसले. आधी त्याच्या चुका काढल्या, आणि त्या काढताना मला बरं वाटलं हे कबूल करते. त्याने दर महिन्याच्या बेरजेच्या ओळीही मोजल्या होत्या. चुकून पडलेल्या आणि मग उलटवलेल्या नोंदी दोन्ही बाजूंनी मोजल्या होत्या. गाडी उतरवणाऱ्या हमालांची ठरलेली रक्कमही त्यातच होती. दर ठरलेला असला की तोच आकडा पुन्हा पुन्हा येणार, तिथे या चाचणीला काही अर्थ नाही. हे सगळं बाजूला काढलं. शून्य आणि किरकोळ चिल्लर काढली. तरी दीडेक हजार नोंदी उरल्या, म्हणजे मोजायला पुरेशा. पुन्हा खांब काढले.

चार तसाच होता. असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त.

मला फार वाईट वाटलं. समोर मावशी नोटांना रबर लावत होत्या. मी पहिले दोन आकडे मोजून बघितले, म्हणजे चारच्या घरात नक्की कुठे गर्दी आहे ते कळावं. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. सगळी गर्दी पाच हजारांच्या उंबरठ्याला टेकून. मनात आलं, कर वाचवायला मोठ्या रोख रकमा तोडल्या असतील का? पण मालवाहू गाड्यांना रोखीची मर्यादा कायद्यात बरीच वर आहे, आणि ती एका दिवसाच्या एकूण रकमेवर बघतात. तुकडे करून काही फायदा नव्हता. म्हणजे मुलगा म्हणतो तेच खरं, असं वाटायला लागलं.

मी त्यांना म्हटलं, "मावशी, वर्षभराची वाहतुकीची व्हाउचरं लागतील."

त्यांनी कपाटातून फायली काढल्या, माझ्यापुढे ठेवल्या आणि धूळ पुसली. मग विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "आपलं नेहमीचं."

त्यांनी आल्याच्या वड्यांची डबी पुढे केली. मी एक वडी घेतली आणि व्हाउचरं तारखेने लावायला बसले.

मालक साडेबाराला गेले. मुलगा बँकेत गेला. ऊन पत्र्यावर चढलं, झाकणं पडत राहिली, आणि माझे डोळे मिटायला लागले. त्या अर्धवट झोपेत मला पुन्हा तो उतार दिसला. पण यावेळी मी चारकडे बघत नव्हते. माझं लक्ष डाव्या टोकाला गेलं. तिथे वाळू खचली होती. एकचा खांब कमी होता, बराच कमी. पाचपासून नऊपर्यंतचेही बारीक झाले होते. दोन आणि तीन मात्र बऱ्यापैकी जागेवर होते. कुणी नुसते खोटे चार आणून ओतले असते, तर बाकीचे सगळे एकाच मापाने कमी दिसले असते. इथे एक निघून गेला होता. मी झोपेतच स्वतःला विचारत होते, एक कुठे गेला?

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. गुजरातहून प्लास्टिकचा दाणा घेऊन ट्रक आला होता. माल उतरला आणि ड्रायव्हर जिना चढून वर आला, हातात बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक-पावती. भाडं इथेच चुकतं करायचं होतं.

"मॅडम, जरा लवकर करा," तो मावशींना म्हणाला. "रात्री परत लोड आहे."

मावशींनी बिल्टी बघितली. भाडं चौदा हजार दोनशे. त्यांनी व्हाउचरचं पुस्तक ओढलं आणि लिहायला लागल्या. पहिलं व्हाउचर चार हजार नऊशे. दुसरं चार हजार नऊशे. तिसरं चार हजार चारशे. तिन्हींवर तीच तारीख, तोच गाडीनंबर, तोच बिल्टीनंबर. तिन्हींवर ड्रायव्हरची सही घेतली, चौदा हजार दोनशे मोजून दिले, आणि तो गेला.

हे सगळं त्यांनी माझ्यासमोर केलं, मी हिशेब तपासायला बसलेली असताना, भाजी चिरावी तसं.

माझी झोप साफ उडाली. "मावशी, हे तीन का केले?"

"शेठ झोपलेत ना," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पाचच्या वर शेठची सही लागते. शेठ चारला येणार. ड्रायव्हर थांबत नाही, थांबला तर दिवसाचे पैसे मागतो. सुरुवातीला एकदा फोन करून उठवलं होतं. केवढे ओरडले. म्हणाले, कारखाना जळाला तरी दुपारी मला उठवायचं नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "मग मी असं करते. गाडी सकाळी आली तर एकच व्हाउचर. तेव्हा शेठ असतात."

एक कुठे गेला ते मला कळलं होतं. दहा हजारांपासून एकोणीस हजारांपर्यंतची जी भाडी एकने सुरू व्हायची, ती दुपारी आली की तुकडे होऊन चारच्या घरात जाऊन बसत होती.

मग मात्र मी भराभर कामाला लागले. एकच तारीख, एकच गाडी, एकच बिल्टी असलेली व्हाउचरं एकत्र केली, त्यांची बेरीज ही एक रक्कम धरली, आणि पहिले आकडे पुन्हा मोजले. चार खाली बसला. एक उठून आपल्या जागी आला. अगदी मापात नव्हतं, खरं कधीच अगदी मापात नसतं, पण उतार उतारासारखा झाला. मला एकदम रडू आल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत आकड्यांनी मला रडवलं नव्हतं.

अर्थात उतार चांगला दिसला म्हणजे माणूस निर्दोष, असं नसतं. तो बिघडला म्हणजे चोर, असंही नसतं. चाचणी फक्त कुठे बघायचं ते सांगते. म्हणून मी पुढचे दोन दिवस कागद बघितले. एकत्र केलेली प्रत्येक रक्कम बिल्टीवरच्या भाड्याशी ताडली. गाड्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये शोधल्या. ज्यांच्या भाड्याचे तुकडे केले होते त्या गाड्या जवळजवळ सगळ्या दुपारी आत आलेल्या. काही वाहतूकदारांना फोन करून त्यांच्याकडची जमा विचारली. सगळं जुळलं. एक रुपया इकडचा तिकडे नव्हता.

अहवालात मी लिहिलं की नोंदी खऱ्या आहेत, सहीची मर्यादा मात्र टाळली गेली आहे, आणि ती का टाळली गेली. "मालकांची वामकुक्षी" असं लिहायचा फार मोह झाला. शेवटी "अधिकृत व्यक्ती दुपारी उपलब्ध नसल्यामुळे" असं सभ्यपणे लिहिलं.

मालकांनी ते वाचलं आणि मोठ्याने हसले. सुटका झाल्यासारखे. मुलगा ओशाळला. पोरगं मनाने चांगलं असावं, कारण त्याला वाटलं की आता सगळं उघड बोलून टाकावं. त्याने मावशींना आत बोलावलं. लॅपटॉप दाखवला, खांब समजावून सांगितले, हा आधीचा, हा मॅडमनी केलेला. म्हणाला, "बाई, आम्हाला वाटलं होतं काहीतरी गडबड आहे. पण तुम्ही एकदम क्लिअर आहात."

मी त्याला डोळ्यांनी गप्प करायचा प्रयत्न केला, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

मावशींनी चष्मा लावून पडद्याकडे नीट बघितलं. चारच्या खांबावर बोट ठेवलं. "ही मी?"

"म्हणजे, ती व्हाउचरं," तो म्हणाला.

त्यांनी मालकांकडे बघितलं. "शेठ, तुम्हालापण वाटलं होतं?"

मालकांचं हसू ओसरलं. "आकडे तसे दिसत होते," ते म्हणाले.

खाली झाकणं पडत होती. मावशींनी चष्मा काढला. "चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "सही घ्यायला पाहिजे होती. आता घेईन." आणि त्या जाऊन आपल्या जागेवर बसल्या. पदराने डोळे पुसलेले मी बघितले, पण त्यांनी मला बघताना बघितलं, म्हणून मी फाईल उघडली.

त्यानंतर त्यांनी खरंच सही घ्यायला सुरुवात केली. गाडी अडीचला आली तर अडीचला फोन. "शेठ, सही लागेल." आवाज तोच, मऊ. मालक पहिल्या वेळी ओरडले. त्यांनी ओरडणं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ड्रायव्हर थांबलाय शेठ." मालक आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. महिनाभरात त्यांची झोप गेली. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या रिपोर्टात टाका ना, मर्यादा वीस हजार करा म्हणून. तुम्ही सांगितलं की बाई ऐकतील."

मी मावशींना विचारलं. त्या नोटा लावत होत्या. "नको मॅडम," त्या म्हणाल्या. "पाचच बरी. मोजणाऱ्याला सोपं जातं."

आषाढात मी पुन्हा गेले. नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीचा उतारा मुलाने कौतुकाने काढून ठेवला होता. आता दर तीन महिन्यांनी काढतो. खांब डावीकडून उजवीकडे छान उतरत होते, चारचा उंचवटा कुठेच नव्हता. मी बघत राहिले आणि मला त्यात कुणी दिसेना. आधीच्या त्या बिघडलेल्या उतारात एक बाई होती, जी दुपारी झोपलेल्या माणसाला उठवावं लागू नये म्हणून दर गाडीमागे एक-दोन व्हाउचरं जास्त लिहायची.

बाहेर पाऊस होता. खोलीत नुसता गरम प्लास्टिकचा वास होता, आणि काहीतरी राहून गेल्यासारखं मला वाटत होतं. काय ते कळेना. तीनच्या सुमाराला मालक आले, डोळे लाल, जिना चढून दमलेले. खुर्चीत बसले. टेबलावरच्या रिकाम्या ग्लासाकडे त्यांची नजर गेली. तो धुऊन पुसून पालथा ठेवलेला होता.

"बाई," ते म्हणाले, "यंदा चाफा कमी आलाय का?"

"नाही शेठ," मावशी म्हणाल्या. "भरपूर आलाय."

आणि त्यांनी सहीसाठी व्हाउचर पुढे केलं.